‘तिला’ म्हणजे कोणाला?

शाळेत आपण सर्वांनी एक व्याख्या पाठ केलेली असते : नामाऐवजी जो शब्द येतो त्याला सर्वनाम म्हणतात. ‘रमा आली. ती दमली होती.’ या वाक्यात ‘ती’च्या जागी ‘रमा’ घातली की काम भागते. व्याख्या पाठ होते, गुण मिळतात आणि मग जन्मभर त्या व्याख्येकडे पुन्हा पाहण्याचा प्रसंग येत नाही. मी आज वाचकांना तिच्याकडे एकदा पुन्हा पाहायला सांगणार आहे. कारण हे वाक्य घ्या :

ज्या शेतकऱ्याकडे म्हैस आहे तो तिला रोज धुतो.

वाक्यात अवघड काहीच नाही. पहिलीतल्या मुलालाही ते कळेल. आता शाळेतली व्याख्या लावून ‘तिला’च्या जागी नाम घालू. ‘ज्या शेतकऱ्याकडे म्हैस आहे तो म्हशीला रोज धुतो.’ झाले का काम? नाही. हा नवा शेतकरी शेजाऱ्याची म्हैस धूत असला आणि आपली शेणात लोळत ठेवीत असला तरीही हे दुसरे वाक्य खरे ठरू शकेल. पहिल्या वाक्यात तशी सवलत त्याला नव्हती. म्हणजे ‘तिला’ हा इवलासा शब्द ‘म्हैस’ या नामाहून काही तरी अधिक सांगत होता. ते अधिक काय आणि ते कोठून आले, हा प्रश्न तत्त्वज्ञांना आणि भाषाशास्त्रज्ञांना गेली साठ वर्षे छळतो आहे.

मूळ वाक्यात म्हैस नव्हती, गाढव होते. म्हणून या साऱ्या वाक्यांना ‘गाढव-वाक्ये’ असेच नाव पडले आहे. पीटर गीच या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १९६२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गाढव बाळगणारा कोणीही माणूस त्याला मारतो, अशा अर्थाचे एक उदाहरण होते. ते गीचने मध्ययुगीन तर्कशास्त्राच्या परंपरेतून उचललेले होते. चौदाव्या शतकात वॉल्टर बर्ली याने लॅटिनमध्ये असेच वाक्य चर्चेला घेतले होते. मात्र बर्लीचा माणूस आपल्या गाढवाला नुसता पाहतो. मार बसू लागला तो गीचच्या ग्रंथापासून, आणि पुढच्या शेकडो लेखांतून तो चालूच राहिला. मी गाढवाच्या जागी म्हैस घेतली आणि माराच्या जागी आंघोळ, ती काही केवळ भूतदयेने नव्हे. मराठीत ‘ज्या शेतकऱ्याकडे गाढव आहे तो त्याला मारतो’ असे म्हटले की ‘त्याला’ म्हणजे गाढवाला की आणखी कोणा माणसाला, अशी शंका डोकावते. म्हैस स्त्रीलिंगी असल्यामुळे तो घोटाळा टळतो.

आणखी एका बाबतीत मराठी आपल्याला मदत करते. आपल्याकडे ‘ज्या’ला ‘तो’ लागतो. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ या म्हणीत ‘ज्याचे’ हा खुंटा आहे आणि ‘त्याला’ हे त्याला बांधलेले दावे. अशा सर्वनामाला तर्कशास्त्रज्ञ ‘बद्ध’ म्हणतात. त्याचा अर्थ खुंट्यावरून ठरतो आणि त्यात गूढ काही उरत नाही. आपल्या वाक्यातला ‘तो’ असाच बद्ध आहे. ‘ज्या शेतकऱ्याकडे’ हा त्याचा खुंटा. पण ‘तिला’? तिच्यासाठी वाक्यात ‘जी’ कोठेच नाही. ‘म्हैस आहे’ म्हणजे ‘एखादी तरी म्हैस आहे’, एवढेच. ‘तिला’ हे दावे हातात आहे, पण त्याचे दुसरे टोक कशाला बांधले आहे ते दिसत नाही. सारा प्रश्न या एका सुट्या टोकाचा आहे.

कोणी म्हणेल, दिसत नसेल तर बांधून टाका. तसा प्रयत्न करून पाहू. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे याने १८७९ साली जी पद्धत घालून दिली तिच्यात वाक्य काटेकोर साच्यात मांडायचे असते. ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ या दोन शब्दांचा अंमल कोठून कोठपर्यंत चालतो हे कंसांनी दाखवायचे असते. पहिला साचा असा : प्रत्येक शेतकऱ्याविषयी, जर (अशी एखादी वस्तू असेल की जी म्हैस आहे आणि त्याची आहे) तर तो ती वस्तू धुतो. शब्दाला शब्द बरोबर; पण ‘एखादी वस्तू’चा अंमल कंसाबरोबर संपला. शेवटची ‘ती वस्तू’ कंसाबाहेर उघड्यावर पडली. तिला कोणी वाली नाही.

मग कंस लांबवू. प्रत्येक शेतकऱ्याविषयी अशी एखादी वस्तू आहे की, ती जर म्हैस असेल आणि त्याची असेल, तर तो ती धुतो. आता ‘ती’ कंसात आली, परंतु अर्थाचा सत्यानाश झाला. दोन म्हशी असलेला आणि दोन्ही कधी न धुणारा एक आळशी शेतकरी समोर आणा. त्याच्या बांधावरचा एक दगड उचला. हा दगड जर म्हैस असेल तर तो धुतो. पण दगड म्हैस नाही, तेव्हा तर्कशास्त्राच्या नियमाने अट मोडली गेलीच नाही. एका दगडाच्या जिवावर आळशी शेतकरी निर्दोष सुटला!

तिसरा साचा उरतो. कोणताही शेतकरी घ्या आणि कोणतीही वस्तू घ्या. ती जर म्हैस असेल आणि त्याची असेल, तर तो ती धुतो. हा अर्थ बरोबर वाटतो. पण याची किंमत पाहा. मूळ वाक्यात ‘एखादी म्हैस’ होती. येथे तिची ‘प्रत्येक म्हैस’ झाली. ‘रामजीकडे एखादी म्हैस आहे’ या वाक्यात एखादीचा अर्थ एखादीच राहतो. मग ‘ज्या शेतकऱ्याकडे’ म्हणताच ती सगळ्यांची मिळून ‘प्रत्येक’ का व्हावी? उत्तर बरोबर आले, पण रीत दाखवता आली नाही, अशी ही स्थिती आहे. आणि गणिताच्या मास्तरांना ती कधीच चालत नाही.

रीत दाखविण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. पहिला ऑक्सफर्डच्या गॅरेथ एव्हन्सचा. हा विलक्षण बुद्धीचा तत्त्वज्ञ १९८० साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला. त्याचा या विषयावरचा मुख्य निबंध १९७७ सालचा आहे. एव्हन्सचे म्हणणे असे की, ही सर्वनामे बद्ध नसतातच. ती बद्ध आहेत असे आपण उगाच धरून बसलो आहोत. त्याचा युक्तिवाद घरगुती उदाहरणाने सांगतो. ‘दिवाळीच्या फराळाला थोडेच पाहुणे आले, पण ते मनसोक्त जेवले.’ येथे ‘ते’ जर ‘थोडेच पाहुणे’ याला बांधलेले असेल, तर वाक्याचा अर्थ असा होईल : ‘आले आणि मनसोक्त जेवले, असे पाहुणे थोडेच.’ मग दोनशे पाहुणे येऊन त्यांपैकी चौघेच पोटभर जेवले असतील, तरी वाक्य खरे! घरच्या गृहिणीला विचारा; ती हा अर्थ क्षणभरही मान्य करणार नाही. तिच्या लेखी पाहुणे थोडेच आले, आणि जेवढे आले तेवढे सगळे जेवले. म्हणजे ‘ते’ याचा अर्थ ‘जे पाहुणे आले ते’. सर्वनामाच्या पोटात एक आख्खे वर्णन दडलेले आहे आणि ते आधीच्या वाक्यावरून तयार झाले आहे.

अशा सर्वनामांना एव्हन्सने ‘ई-प्रकारची सर्वनामे’ असे नाव दिले. आपल्या वाक्याला हे लावले की ‘तिला’ म्हणजे ‘त्याच्याकडे जी म्हैस आहे तिला’. प्रत्येक शेतकऱ्यागणिक वर्णन तेच, पण म्हैस वेगळी. सुटे टोक कोठेही बांधावे लागले नाही; एखादीची प्रत्येक करावी लागली नाही. शाळेतली व्याख्याही थोडी सुधारून परत मिळाली : सर्वनाम नामाऐवजी येत नाही, वर्णनाऐवजी येते.

दुसरा प्रयत्न दोघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, जवळजवळ एकाच वेळी केला. हान्स काम्प याचा निबंध १९८१ साली आला आणि इरेने हाइम हिचा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्रबंध १९८२ साली. त्यांनी प्रश्नाचे मूळच हलविले. तोवर वाक्याचा अर्थ म्हणजे ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरेल याची अट, असे मानले जाई. हे दोघे म्हणाले, वाक्याचा अर्थ म्हणजे ते ऐकणाऱ्याच्या मनात काय फेरफार करते तो. हाइमने यासाठी कार्डांच्या पेटीचे रूपक वापरले. ऐकणाऱ्याजवळ जणू एक पेटी आहे. ‘रामजीकडे एक म्हैस आहे’ असे ऐकले की तो एक कोरे कार्ड काढतो, त्यावर क्रमांक घालतो आणि लिहितो : ‘म्हैस, रामजीची.’ पुढे ‘ती काळी आहे’ असे ऐकले की नवे कार्ड काढीत नाही. त्याच कार्डावर ‘काळी’ अशी भर घालतो. ‘एक’, ‘एखादी’ या शब्दांचे काम नवे कार्ड उघडणे. ‘ती’चे काम जुने कार्ड शोधणे. येथे सर्वनामाच्या पोटात वर्णन नाही. आहे ती फक्त आठवण.

आता ‘ज्या... तो’ची आज्ञा या पेटीच्या भाषेत अशी होते : पहिल्या भागातली कार्डे जितक्या प्रकारांनी जगातल्या खऱ्या वस्तूंशी जुळवता येतील तितक्या प्रकारांनी जुळवा, आणि प्रत्येक वेळी दुसरा भाग लागू पडतो की नाही ते पाहा. रामजी आणि त्याची थोरली म्हैस ही एक जुळणी. रामजी आणि धाकटी म्हैस ही दुसरी. सखाराम आणि त्याची एकुलती एक ही तिसरी. तिन्ही वेळा ‘धुतो’ लागू पडले पाहिजे. ‘एखादी’ बिचारी एखादीच राहिली. तिला ‘प्रत्येक’चे बळ आले ते ‘ज्या... तो’कडून. ही रीत दाखविणारी पद्धत ‘गतिशील अर्थविचार’ या नावाने ओळखली जाते, आणि १९९१ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ग्रूनेन्डाइक व स्टोकहोफ या जोडीने तिला तर्कशास्त्राच्या नेटक्या सूत्रांत बसविले.

येथे वाचक विचारतील, दोन्ही रीतींनी उत्तर एकच येत असेल तर भांडण कशाचे? भांडण यासाठी की उत्तर नेहमी एकच येत नाही. वर्णन आणि आठवण या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची फारकत करणारी वाक्ये रचता येतात. दोन्ही विचारांची तुलना पुन्हा पुन्हा होते ती अशा वाक्यांवरच.

पहिली कसोटी हाइमनेच दिली. तिच्या उदाहरणात बागेतली रोपे आहेत. मी दिवाळीच्या पणत्या घेतो. ‘या दुकानातून ज्याने पणती घेतली त्याने तिच्याबरोबर आणखी अकरा घेतल्या.’ समजा, दुकानदार पणत्या डझनानेच विकतो. वाक्य खरे आहे, यात शंका नाही. पण ‘तिच्याबरोबर’ म्हणजे कोणत्या पणतीबरोबर? एव्हन्सच्या रीतीने ‘त्याने जी पणती घेतली तिच्याबरोबर’. परंतु ‘जी पणती’ अशी एकुलती एक पणती कोठे आहे? पणत्या बारा आहेत. वर्णन एकीला लागू पडायला हवे आणि लागू पडते बाराजणींना. कार्डवाल्यांना ही अडचणच नाही. बारांतली कोणतीही एक उचला, तिच्या कार्डाशी जुळवा. तिच्याखेरीज अकरा उरतातच. बाराही जुळण्या बरोबर.

वर्णनवाल्यांनी मात्र हार मानली नाही, आणि गंमत अशी की त्यांच्या बाजूची मोठी दुरुस्ती १९९० साली खुद्द हाइमनेच मांडून दाखविली. आपण सगळे जग एकदम का पाहावे? जगाचे लहान लहान प्रसंग पाडू. एक गिऱ्हाईक, एक पणती आणि एक खरेदी, एवढाच इवलासा प्रसंग. त्या प्रसंगापुरती पणती एकच आहे. तेव्हा ‘ती पणती’ हे वर्णन नेमके लागू पडते. मग वाक्य म्हणते की असा प्रत्येक इवला प्रसंग एका मोठ्या प्रसंगात सामावलेला आहे, ज्यात आणखी अकरा पणत्या आहेत. दुरुस्ती देखणी आहे. पण तिलाही अडविणारे एक वाक्य काम्पच्या नावावर आहे. त्याच्या वाक्यात एक बिशप दुसऱ्या बिशपला भेटतो आणि त्याला आशीर्वाद देतो. आपल्याकडे त्याहून साजरे उदाहरण हाताशी आहे :

एक वारकरी दुसऱ्या वारकऱ्याला भेटला तर तो त्याच्या पाया पडतो.

प्रसंग कितीही लहान करा, त्यात वारकरी दोन असणारच, आणि पहिला दुसऱ्याला भेटला म्हणजे दुसराही पहिल्याला भेटला. मग ‘भेटणारा वारकरी’ हे वर्णन दोघांनाही सारखेच लागू पडते. ‘तो’ कोण आणि ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या? कार्डांच्या पेटीत मात्र दोन वेगळे क्रमांक आहेत. पहिले कार्ड दुसऱ्याच्या पाया पडते. आणि जुळणी उलटी केली की दुसराही पहिल्याच्या पडतो. वारीत नेमके हेच घडते.

तरीही एवढ्यावर निकाल देऊ नये. पॉल एलबर्न याने २००५ सालच्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट दाखविली. तिचे मराठी रूप असे : ‘एक वारकरी आणि एक वारकरी भेटले तर तो त्याच्या पाया पडतो.’ हे माझ्या कानाला पार अडखळते. आपण येथे ‘एकमेकांच्या’ म्हणू. पण कार्डे येथेही दोनच आहेत, क्रमांकही वेगळे आहेत; आठवणीचाच प्रश्न असेल तर अडखळायला नको होते. आधीच्या वाक्यात एक भेटणारा होता आणि दुसरा ज्याला भेटला तो. निदान व्याकरणाने तरी दोघांत भेद केला होता. भेद नाहीसा होताच सर्वनाम लंगडते. तेव्हा वर्णनालाही काही काम असते, असे दिसते.

दुसरी कसोटी याच्या उलट दिशेची आहे. तिची मूळ कल्पना बार्बरा पार्टी या विदुषीची. तिच्या घरात न्हाणीघर सापडत नाही. माझ्या वाड्यात विहीर सापडत नाही. ‘एक तर या वाड्यात विहीरच नाही, किंवा ती कोठे तरी आडबाजूला आहे.’ बोलण्यात अगदी सहज येणारे वाक्य. पेटीच्या नियमाने मात्र ते अशक्य ठरायला हवे. ‘रामजीकडे म्हैस नाही. ती काळी आहे.’ असे आपण बोलत नाही, कारण ‘नाही’ म्हणताच उघडलेले कार्ड फाडले जाते. पेटीची पद्धत हे छान समजावते. पण मग ‘विहीरच नाही’ म्हटल्यावर ‘ती’ला कार्ड मिळाले कोठून? वर्णनवाले हसून सांगतात : ‘ती’ म्हणजे ‘या वाड्यात जी विहीर आहे ती’, कार्ड लागतेच कशाला? गतिशील पक्षानेही यावर डागडुजी केली आहे. १९९५ साली क्रामर आणि मुस्केन्स यांनी नकाराचे नियम असे बदलले की, ‘विहीर नाही असे नाही’ या दुहेरी नकारातून फाडलेले कार्ड पुन्हा सांधले जावे. पण ही डागडुजी मुद्दाम करावी लागते, हे मात्र खरे.

आतापर्यंत हा खेळ पंडितांचा वाटला असेल. पण माझ्या मते या प्रश्नाची खरी धार जेथे माणसे एकमेकांना नियम घालून देतात तेथे लागते. एक चाळ कल्पा. तिच्या फळ्यावर दोन सूचना लिहिल्या आहेत. पहिली : ‘ज्या बिऱ्हाडात कुत्रा असेल त्या बिऱ्हाडाने त्याला दरवर्षी लस टोचून घ्यावी.’ दुसरी : ‘पावसात पाहुणा अडकला असता ज्या बिऱ्हाडात छत्री असेल त्या बिऱ्हाडाने ती त्याला द्यावी.’ दोन्ही वाक्यांची बांधणी गाढव-वाक्याचीच. आता तिसऱ्या मजल्यावर एक हुशार गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे कुत्रे तीन आणि छत्र्याही तीन. त्यांनी एका कुत्र्याला लस टोचली, पाहुण्याला एक छत्री दिली, आणि दोन्ही नियम पाळले असे सांगून ते निवांत बसले.

आपला निवाडा काय होईल? छत्रीच्या बाबतीत गृहस्थ निर्दोष आहेत. तीन छत्र्या घेऊन पाहुणा काय करणार? कुत्र्यांच्या बाबतीत ते दोषी आहेत. आता दोन्ही सिद्धांतांना न्यायासनावर बसवू. एकवचनी वर्णनाचा कडक पुरस्कर्ता म्हणेल, ‘त्यांच्याकडे जो कुत्रा आहे तो’ असा एकुलता एक कुत्राच नाही. तेव्हा नियम यांच्याविषयी काही बोलतच नाही. गृहस्थांना हे फारच आवडेल. कार्डवाला म्हणेल, जुळण्या तीन, तिन्ही वेळा लस हवी, गृहस्थ दोषी. शाबास! पण तोच पुढे म्हणेल, छत्र्यांच्याही जुळण्या तीन, तेव्हा तिन्ही छत्र्या द्यायला हव्या होत्या. येथेही गृहस्थ दोषी. पहिला न्यायाधीश अपराध्याला सोडतो, दुसरा निरपराध्याला पकडतो. वर्णनपक्षातल्या स्टीफन नील याने १९९० साली वर्णनातले एकवचन काढून टाकून ‘जे काही कुत्रे असतील ते सर्व’ असा अर्थ सुचविला. त्याने कुत्र्यांचा न्याय बरोबर होतो, पण छत्र्यांचा पुन्हा बिघडतो. वेगवेगळ्या वाटांनी निघालेले दोघे एकाच खड्ड्यात येऊन पडले.

जुळण्या मोजण्यात आणखी एक धोका आहे, तो आकड्यांनी सांगतो. एका गावात दहा शेतकरी. नऊ जणांकडे एकेक म्हैस आहे आणि ते ती धूत नाहीत. दहाव्याकडे वीस आहेत आणि तो सगळ्या रोज धुतो. ‘म्हैस असलेले बहुतेक शेतकरी तिला रोज धुतात’ हे खरे का? कोणीही ‘नाही’ म्हणेल. दहांपैकी नऊ आळशी आहेत. पण जुळण्या मोजाल तर एकूण एकोणतीस, त्यांपैकी वीस धुतलेल्या, म्हणजे बहुतेक! तेव्हा मोजायचे ते शेतकरी, जुळण्या नव्हेत. आणि शेतकरी मोजायचे ठरले की छत्रीचाच प्रश्न परत येतो : पाच म्हशींपैकी एकच धुणारा शेतकरी ‘धुणाऱ्यां’त धरायचा की नाही?

गेनारो किएर्किया या भाषाशास्त्रज्ञाने १९९५ सालच्या ग्रंथात यावर असा तोडगा काढला की, दोन्ही रीती आपल्या भाषेत नांदतात. आठवणीची रीत ‘निदान एक’ हा छत्रीचा अर्थ देते आणि वर्णनाची रीत ‘सगळे’ हा कुत्र्याचा अर्थ देते. हाडवैरी म्हणून उभे केलेले दोघे येथे एका घरात राहू लागले. अगदी अलीकडे, २०१९ साली, शाँपोल्याँ, बम्फर्ड आणि हेंडरसन यांनी दुसरी दिशा दाखविली. त्यांच्या मते वाक्य स्वतः ‘सगळे’ की ‘एक’ हे पुरते ठरवीतच नाही. बोलणारी माणसे त्या वेळी कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहेत, त्यावरून ते ठरते. चाळीला काळजी कशाची आहे? कुत्रा चावून कोणाला रोग होऊ नये, याची. तेव्हा लस न टोचलेला एक कुत्रा उरला तरी काळजी उरते. छत्रीच्या नियमाला काळजी पाहुणा भिजू नये एवढीच. ती एका छत्रीने मिटते.

मला हे म्हणणे पटते, आणि त्यातून निघणारी एक नैतिक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ नेहमी एकच वाक्य बोलतात : ‘मी शब्दाला धरून वागलो. फळ्यावर ‘त्याला’ लिहिले आहे, ‘त्यांना’ नव्हे.’ आजवर अशा माणसाला आपण म्हणत आलो की बाबा रे, शब्द तुझ्या बाजूने असतील, पण हेतू नाही. आता वाटते की आपण त्याला फार सवलत दिली. शब्दही त्याच्या बाजूने नाहीत. ‘त्याला’ या शब्दाने एक की सर्व हे ठरविलेलेच नव्हते. ती जागा ऐकणाऱ्याने नियमाचा हेतू ओळखून भरायची, अशीच भाषेची रीत आहे. त्या गृहस्थांनी ती जागा आपल्या सोयीने भरली आणि भरण्याचे पाप शब्दावर ढकलले. शब्दाला धरून वागणे असे ज्याला ते म्हणतात ती त्यांनी स्वतः केलेली निवड आहे, आणि निवडीची जबाबदारी निवडणाऱ्याची असते.

मात्र याची दुसरी बाजूही विसरू नये. जेथे दंड व्हायचा आहे, वाटणी व्हायची आहे, वारसा ठरायचा आहे, तेथे लिहिणाऱ्यानेही ‘तिला’ आणि ‘त्याला’ यांच्यावर भार टाकून मोकळे होणे बरे नव्हे. ‘माझ्या ज्या नातवाला मुलगी होईल त्याने तिला माझी पाटली द्यावी’ असे आजीने प्रेमाने लिहून ठेवावे, आणि एका नातवाला दोन मुली व्हाव्यात! आजीच्या मनात काय होते हे विचारायला आजी नाही. तेथे ‘थोरल्या मुलीला’ एवढा एक शब्द जास्त लिहिला असता तर दोन बहिणींची मने राहिली असती. घरच्या बोलण्यात ‘ती’ पुरते, कारण बोलणारा समोर असतो आणि त्याची काळजी आपल्याला ठाऊक असते. कागदावरची ‘ती’ एकटी पडते. तिला सोबत म्हणून एखादे नाम द्यावे.